निकेतचा दुसरा जिना

निकेत शिगवणचा हात असा, की त्याने मारलेली रेघ पट्टी लावून तपासली तर पट्टीच वाकडी ठरावी. भाईंदर पूर्वेला एका आर्किटेक्टच्या हाताखाली तो वीस वर्षं इमारतींचे नकाशे काढतोय. आधी कागदावर काढायचा, आता कॉम्प्युटरवर काढतो, एवढाच काय तो फरक. मीरा-भाईंदरात हजारभर घरं अशी असतील, की त्यांचं स्वयंपाकघर कुठे आणि संडास कुठे हे निकेतने ठरवलंय. पण ऑफिसात त्याला नावाने हाक मारायची पद्धत नाही. "ओ ड्राफ्ट्समन, ती बाल्कनी सहा इंच आत घे." झालं. बाल्कनी सहा इंच आत जायची, आणि निकेतही तेवढाच आत जायचा.

घर खारी गावात. वडील संगमेश्वरकडून आलेले, लवकरच गेले. आई विमलाबाई मात्र होती. ती होती तोवर घरात भांड्यांचा आवाज होता, "निक्या, पाणी आलं रे," ही सकाळची हाक होती. दोन वर्षांपूर्वी तीही गेली. लग्न जमवायच्या भानगडीत त्रेचाळीसावं कधी लागलं ते कळलं नाही, आणि मग ती भानगडही थांबली. सोमवार ते शनिवार हा माणूस दिवसाला जेमतेम वीस वाक्यं बोलायचा, त्यातली दहा रिक्षावाल्याशी आणि भाजीवाल्याशी, तीही हिंदीत.

पण रविवारी! रविवारी दुपारी तीन वाजता सिल्व्हर पार्कमध्ये हाच निकेत टेबलाच्या टोकाला बसायचा, समोर पुठ्ठ्याचा आडोसा उभा करायचा, फासे हातात घोळवायचा आणि असा काही आवाज लावायचा की ऐकत राहावं. "खाली ओल आहे. डावीकडून कसला तरी वास येतोय. मशाल फडफडते." मग थांबायचा, तिघांकडे बघायचा आणि विचारायचा, "काय करताय?"

हा त्यांचा खेळ. टेबलावर बसून खेळायचा. एक जण मास्टर, म्हणजे निकेत. त्याच्या आडोशामागे एका भुयारी किल्ल्याचा नकाशा असतो, हे लोक त्याला डंजन म्हणतात. बाकीचे आपापलं सोंग घेऊन त्या भुयारात शिरतात. मास्टर सांगतो समोर काय दिसतंय, खेळणारे सांगतात आपण काय करतो, आणि जिथे नक्की नसेल तिथे फासा ठरवतो. नकाशा त्यांना दाखवायचा नसतो. ऐकून ऐकून त्यांनी आपला आपण काढायचा. बघणाऱ्याला वाटेल, मोठी माणसं कसला पोरखेळ मांडून बसलीत. वाटू दे. सात वर्षं हे टेबल चाललं होतं, आणि सात वर्षांत निकेतने एकही रविवार चुकवला नव्हता. विमलाबाई गेली त्यानंतरच्या पहिल्याच रविवारीही तो तीनला हजर होता.

खेळणारे तिघे. जागा मितेशची. त्याचे अकाउंट्सचे क्लास, रविवारी दुपारी वर्ग रिकामा. मितेश खेळात पहिलवान व्हायचा, दिसेल त्या दारावर आधी लाथ मारायचा आणि मग विचारायचा, "लॉक था क्या?" दुसरा पराग, विम्याच्या ऑफिसातला, जुळ्या मुलींचा बाप, खेळात मांत्रिक. आणि तिसरी मनाली, पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला. खेळात तिचं नाव काजळी, धंदा चोरी. तिघांचा नकाशा तीच काढायची. तिच्यामुळेच टेबलाला जान होती, आणि निकेतला तिचा जरा धाकही होता.

दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी मनालीने सांगून टाकलं. तिच्या नवऱ्याची बदली नागपूरला झाली होती. होळीनंतर सामान हलणार होतं.

"मग मी पण एक बोलतो," मितेश म्हणाला. "एप्रिलपासून संडे बॅच चालू करतोय. पेरेंट्स लोक मागे लागलेत यार. किती दिवस नाही बोलणार?"

परागनेही मान खाली घालून सांगितलं, की मुलींचे रविवार आता भरतनाट्यमला जातात. बायको रोज सुनावते.

निकेत फासे हातात नुसते फिरवत राहिला.

शेवटी मनालीनेच तोड काढली. "एक शेवटचा किल्ला खेळूया. मोठा. तो संपेपर्यंत मी कुठे जात नाही. सामान गेलं तरी इथे राई गावात मावशीकडे राहीन, महिना लागो नाहीतर चार. काय म्हणता?"

दोघांनी माना डोलावल्या. ठरलं. किल्ला संपला की टेबल संपलं, पण किल्ला संपेपर्यंत कोणी सुटायचं नाही.

"पण निकेत," मनाली पर्स उचलता उचलता म्हणाली, "रागावू नकोस हं. तुझे किल्ले म्हणजे पाइप असतात. एका टोकाने आत, खोली एक, खोली दोन, खोली तीन, दुसऱ्या टोकाने बाहेर. आम्ही काय करतो ते विचारतोस, पण पुढे जाण्यापलीकडे आम्ही करणार काय? दारच एक असतं. या वेळी तरी पाइप नको. पुन्हा पाइप निघाला तर मी खरंच दुसऱ्या रविवारी येणार नाही."

परागने वरून फोडणी घातली, "हो ना राव, सोसायटीच्या पॅसेजमधून चालल्यासारखं वाटतं."

तिघे हसले. निकेतही हसला, पण बोल लागायचा तो लागलाच. आणि त्याला मनातल्या मनात कबूल करावं लागलं, की खरंच आहे. तो पाइपच काढत होता. का, तेही त्याला ठाऊक होतं. एकामागून एक खोल्या मांडल्या की माणसं हुकत नाहीत. आपण मांडलेली प्रत्येक खोली बघतात, प्रत्येक खोलीत थांबतात, आणि तेवढा वेळ आपल्याजवळ असतात.

आता त्याच्या हातात एकच गोष्ट होती. किल्ला जितका मोठा, तितके रविवार जास्त. त्यांच्या चालीने एका बैठकीत चार-पाच खोल्या व्हायच्या. चाळीस खोल्या काढल्या तर आठ-दहा रविवार. आणि त्यातून वाटा फिरून फिरून परत येणाऱ्या असल्या, तर माणसं भटकतील, चुकतील, मागे येतील. वीसही होतील. असा त्याचा हिशेब. शहाणा माणूस, पण आशा लागली की शहाणपण कुठे राहतं?

पहाटे पाचला उठून तो कागदाला बसायचा. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत डबा एका हाताने, पेन्सिल दुसऱ्या हातात. आलेखाचा मोठा कागद, एक चौकोन म्हणजे दहा फूट. पहिले आठ दिवस नुसता खोडरबर झिजला. एका खोलीला दोन दारं दिली, दोन वाटा काढल्या, त्या पुढच्या खोलीत आणून मिळवल्या आणि पेन्सिलीचं टोक दोन्हीकडून फिरवून बघितलं. मग स्वतःवरच चिडला. डावीकडून गेलं काय, उजवीकडून गेलं काय, सारखंच! ही फिरती वाट नव्हे, हा पाइपच फुगवून ठेवलाय.

हे कोडं सुटलं ते हौसाबाईमुळे. हौसाबाई त्याची घरमालकीण, खारी गावातली जुनी, सत्तरी ओलांडलेली. एका सकाळी तो ओट्यावर कागद घेऊन बसलेला तिने बघितला.

"कंचे बिल्डिंगीचा रं?" तिने विचारलं.

"बिल्डिंग नाही आजी. खेळातला किल्ला आहे. त्यात कुठूनही कुठे जाता आलं पाहिजे, पण प्रत्येक वाट निराळी पाहिजे."

हौसाबाई कंबरेवर हात ठेवून हसली. "त्यान काय रं! आमचे गावान एक पन बोळ बंद न्हवता. पुढल्या दारान पाव्हना, मागल्या दारान खाडी. देवलाकरनं गेला तं सावली, पन चार मानसा इचारनार, कुठं चाललंस? बांधावरनं गेला तं लवकर, पन भरती आली का पाय चिखलान. आता बघ, हाय त्यो एकच रस्ता. तो पन बिल्डिंगीचा."

निकेतच्या डोक्यात दिवा लागला. वाट फिरून येते यात काही नाही. एक लवकरची आणि धोक्याची पाहिजे, दुसरी लांबची आणि बिनघोर. आणि कुठली कशी, ते माणसाला आधी थोडं कळलं पाहिजे, वासावरून, आवाजावरून, चिखलावरून. तरच तो निवडणार. नाहीतर नाणं फेकल्यातच जमा.

मग काय विचारता! त्याचा हात सुटला. किल्ल्याला आत शिरायला तीन वाटा झाल्या, मोठा दरवाजा, खाडीकडचं गटार आणि वरून खचलेला बुरूज. तीन मजले खाली, बेचाळीस खोल्या. पहारेकऱ्यांच्या दालनाला असा वळसा दिला, की समोरून मारामारी नको असेल त्याने मागून जाऊन त्यांना गाठावं, आणि पहारेकऱ्यांनीही त्याच वाटेने यांच्या पाठीवर यावं. वरच्या मजल्यावरच्या विहिरीत दोर सोडला की थेट दुसऱ्या मजल्यावर. चोरदारं सहा, नकाशावर त्या जागी नुसता एक बारीक 'चो'. आणि एक गोष्ट त्याने पक्की पाळली, की पुढे जायची एकुलती एक वाट चोरदारामागे कधी ठेवायची नाही. दार सापडलं नाही तर खेळच अडायचा. चोरदारामागे बक्षीस ठेवावं, नाहीतर आडवाट, आणि शोधणाऱ्याला काहीतरी माग ठेवावा.

सगळ्यात तळाला एक घंटा. ती वाजवली की घाटावरच्या राणीला लागलेला शाप सुटणार, आणि त्याच क्षणी खाडीचं पाणी आत शिरून सगळा किल्ला बुडणार. हा शेवट लिहिताना निकेतच्या मनात होळी सोडा, पुढचा श्रावण होता.

सगळं झाल्यावर त्याने नकाशा लांब धरून बघितला, आणि त्याला काहीतरी खटकलं. वरून तळापर्यंत जिना एकच. बाकी विहीर होती, खचलेली जमीन होती, पण नीट जिना एकच. वीस वर्षांची सवय. उंच इमारतीला जिने दोन लागतात, आग लागली तर माणसं निघणार कुठून? एक जिना दाखवलेला नकाशा पास होत नाही. हात आपोआप चालला. पश्चिमेच्या भिंतीआड, दहा फूट रुंद, पहिल्या मजल्यापासून थेट घंटेच्या दालनापर्यंत दुसरा जिना. वर चोरदार, खाली साधं दार. मनातला विचार चांगला होता. घंटेजवळ पोचलेल्या, थकलेल्या, जखमी माणसांना परतायला आडवाट. ज्यांनी सगळं भोगलं त्यांना शेवटची सोय.

असली आडवाट काढणारा कोणीही एक काळजी घेतो. कडी आतल्या बाजूला, म्हणजे तळाकडून लावतो. खालून उघडेल, वरून नाही. निकेतने कडी काढली नाही. विसरलाही नव्हता. त्याच्या मनाला ते शिवलंच नाही. आगीच्या जिन्याच्या दाराला कुलूप घालायचं नसतं, हे त्याने वीस वर्षांत किती नकाशांवर लिहिलं होतं, त्याची गणतीच नाही.

संक्रांतीच्या आधीच्या रविवारी किल्ला सुरू झाला. पहिली बैठक अशी रंगली की काय सांगू! खाडीच्या गटारातून शिरायचं की बुरुजावरून यावरच तिघांनी अर्धा तास वाद घातला, आणि निकेत आडोशामागे गालात हसत बसला. सात वर्षांत ही माणसं कुठल्या दाराने जायचं यावर कधी भांडलीच नव्हती. भांडायला दुसरं दार कुठे होतं? मग पहारेकऱ्यांनी त्यांना पिटाळलं, ते पळाले, वळणावर मनालीने आपला नकाशा बघितला आणि ओरडली, "थांबा! हा पॅसेज फिरून त्यांच्याच मागे जातोय!" ते वळसा घालून गेले आणि पहारेकऱ्यांना मागून धरलं. मितेशने बाकावर उभं राहून टाळ्या पिटल्या.

"क्या बात है यार! हा तुझाच नकाशा आहे ना?"

मनाली निघताना म्हणाली, "निकेत, हे तू इतकी वर्षं कुठे लपवून ठेवलं होतंस रे?"

तो खारीपर्यंत चालत आला. वाटेत गुणगुणत होता. पाच खोल्या झाल्या होत्या, सदतीस बाकी. घरी येऊन त्याने दोन माणसांचा भात लावला आणि मग लक्षात आल्यावर स्वतःशीच हसला. इतका खुळावला होता तो.

दुसरा रविवार. चार खोल्या आणखी झाल्या. साडेचार वाजता मितेशने खालून चहा मागवला, आणि चहा येईपर्यंत मनाली आपला नकाशा रंगवत बसली. रंगवता रंगवता थांबली.

"निकेत, पश्चिमेचा पॅसेज किती लांब सांगितलास?"

"साठ फूट."

"आणि त्याला लागून खोल्या दोन. एक तीस फुटी, एक वीस." तिने पेन्सिल कानावर ठेवली. "दहा फूट गेले कुठे?"

निकेतच्या हातातला फासा थांबला.

"भिंत जाड असेल," पराग म्हणाला.

"दहा फूट जाड?"

मग परागने कपाळावर हात मारला. "अगं, माझ्या बिल्डिंगचा प्लॅन यानेच काढलाय! मला स्वतः सांगितलंय याने, दोन जिन्यांशिवाय प्लॅन पास होत नाही. आपल्याला आतापर्यंत जिने किती मिळाले? एकच! निकेतने काढलेल्या बिल्डिंगला दुसरा जिना नाही? शक्यच नाही!"

तिघे असे हसले की चहा आणणाराही हसू लागला. मनाली एकदम काजळी झाली, आवाज बारीक करून म्हणाली, "मी भिंत ठोकून बघते. कान लावते. फटीत सुरी घालते. काय होतं?"

निकेतने आडोशामागे बघितलं. 'चो'. माग त्यानेच ठेवला होता. जो मोजेल त्याला सापडेल, असा. फासा पडला, चांगला पडला. "पोकळ आवाज येतो," तो म्हणाला. "दगड सरकतो. आत गार वारा आहे. जिना खाली जातो."

"किती खाली?"

"दिसत नाही. खूप खाली."

आणि मितेशने, आयुष्यात पहिल्यांदा लाथ मारायच्या आधी, विचारलं. "पुढे खाली अजून डोअर आहे? लॉक आहे का?"

निकेतने आडोशामागे पुन्हा बघितलं.

खाली दार होतं. त्या दारापलीकडे घंटा होती. दाराला कडी नव्हती. आणि आडोशाआड काय काढलंय हे त्याच्याशिवाय जगात कोणाला माहीत नव्हतं. "पलीकडून कडी आहे." तीन शब्द. तीन शब्द बोलला असता तर तेहतीस खोल्या होत्या, सात-आठ रविवार होते, मनाली राईला राहिली असती, मितेश पालकांना थोपवत राहिला असता. कोणाला कळणार होतं? कोणाचं काय जाणार होतं? तिघेही पुढे वाकून त्याच्या तोंडाकडे बघत होते, सात वर्षांत कधी बघितलं नव्हतं असे. आणि ते तसे बघत होते ते एवढ्याचसाठी, की या वेळी पहिल्यांदाच त्यांना वाटत होतं, की पलीकडे खरंच काहीतरी आहे आणि ते आपणच शोधलंय.

कागदावर आहे ते आहे. या माणसाला एवढाच एक धर्म माहीत होता. ऑफिसात कोणी म्हणायचं, हे नको दाखवू, ते नसलेलं दाखव, तेव्हा तो तेवढ्यापुरता बहिरा व्हायचा आणि आहे तेच काढायचा.

"नाही," निकेत म्हणाला. "कडी नाही. दार नुसतं लोटलेलं आहे."

अहो, बोलू नये पण बोलतो, कधी कधी माणसाने खोटं बोलावं! पण तो बोलला नाही.

पुढचं सगळं तासाभरात झालं. ते खाली उतरले. घंटेचा राखणदार झोपेत होता, कारण इतक्या वरून इतक्या लवकर कोणी येईल असं त्याच्या मालकालाही वाटलं नव्हतं. परागने मंत्राने त्याची झोप आणखी गाढ केली, काजळी त्याच्या पोटावरून पलीकडे गेली आणि मितेशच्या पहिलवानाने घंटेला दोन्ही हात घातले.

"वाजवू?"

"काय करताय?" निकेतने विचारलं.

"वाजवतो!"

मग निकेतने सांगितलं. घंटेचा नाद, राणीचा सुटलेला शाप, खाडीचं पाणी भिंती फोडून आत येताना. त्याने फार छान सांगितलं. आतून तुटत होता आणि सांगत होता. तिघे त्याच जिन्याने धावत वर आले, मागे पाणी, पाण्यात एकेक मजला बुडतोय. बाहेर आले तेव्हा पहाट होती. मनालीच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं.

"बेस्ट," मितेश म्हणाला. "सात वर्षांतला बेस्ट गेम. कसम से."

त्यांनी निकेतला मिठ्या मारल्या. चौघांचा फोटो काढला. मग मनाली म्हणाली, "आता तरी दाखव ना नकाशा!" आणि निकेतने आडोसा बाजूला करून कागद पसरला.

तिघे वाकले. बेचाळीस खोल्या. मनालीने आपल्या नकाशावरून बोट फिरवत मोजलं, त्यांनी बघितल्या होत्या त्या नऊ, आणि दहावी घंटेची. आरशांचं दालन, बुडालेली बाजारपेठ, विहिरीतला दोर, फिरून फिरून एकमेकांत मिळणाऱ्या वाटा, सहा चोरदारं तशीच बंद. प्रत्येक खोलीवर त्याच्या त्या सरळ अक्षरात आकडा.

"अरे देवा," ती म्हणाली. "एवढं राहिलं?"

"पुढच्या रविवारी," निकेत घाईने म्हणाला, "म्हणजे समजा, तो जिना सापडलाच नाही असं धरून, पहिल्या मजल्यापासून..."

परागने घड्याळाकडे बघितलं आणि लगेच न बघितल्यासारखं केलं.

मनालीने त्याच्या हातावर हात ठेवला. "बुडाला ना रे तो. आम्हीच बुडवला. आणि इतका छान संपला. आता परत उकरला तर मजा जाईल बघ." मग म्हणाली, "हा मी घेऊन जाऊ नागपूरला? फ्रेम करीन."

निकेतने कागदाची नीट सुरळी केली, रबर लावलं आणि दिली. तो नाही म्हणू शकला असता का? कोणाला नाही म्हणायला तो कधी शिकलाच नव्हता.

मनालीला मावशीकडे राहायची गरज पडली नाही. होळीपर्यंतही ती थांबली नाही, नवरा एकटा तिकडे किती दिवस राहणार. मितेशने एप्रिलची वाट न बघता संडे बॅच लगेचच सुरू केली. ग्रुपवर फोटो आला, त्याखाली बदामांची रांग, आणि मग ग्रुप गप्प झाला.

पुढच्या रविवारी निकेत अडीचला तयार झाला होता. पाय सिल्व्हर पार्कपर्यंत गेले. वर्गाच्या बाहेर चपलांचा ढीग होता, आतून मितेशचा आवाज येत होता, डेबिट म्हणजे काय, क्रेडिट म्हणजे काय. निकेत जिन्यात उभा राहिला. कोणी बाहेर आलं तर काय सांगायचं, हे सुचेना, म्हणून खाली उतरला.

घरी येऊन त्याने नवा कागद घेतला. बाहेर ओट्यावर हौसाबाई कोणाशी तरी भांडत होती. त्याने पट्टी धरली आणि एक सरळ वाट काढली, कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. वळसा नाही, आडवाट नाही. तिच्यावर एकामागून एक बेचाळीस खोल्या मांडल्या, प्रत्येकीला आत यायचं एक दार आणि पुढे जायचं एक. जिना एकच. आणि ज्या दाराला गरज नव्हती, अशाही प्रत्येक दाराला त्याने बारीक, सुबक कडी काढली.

मग पहिल्या खोलीत पेन्सिलीने तीन ठिपके ठेवले. पहिलवान, मांत्रिक, काजळी. सवयीप्रमाणे खाकरला. "खाली ओल आहे," तो म्हणाला. "समोर एक दार आहे."

थोडा वेळ थांबला, आणि तिन्ही ठिपक्यांकडे बघत त्याने विचारलं, "काय करताय?"